पाठ फिरवून पाहावे

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. निवृत्त झाल्यापासून दुपारचे दोन तास पुतण्याच्या मोबाइलच्या दुकानात बसण्याची मला सवय लागली आहे. त्या दुपारी एक दलाल कापडी पिशवी घेऊन आला. पिशवीत खोकी नसलेली मनगटावरची सव्वीस यंत्रे आणि वायरींचा गुंताडा होता. त्याने सांगितलेली किंमत अठरा हजार. “सगळी स्मार्टवॉच आहेत, सगळ्यांना सेन्सर आहेत, दोन-तीन वर्षांपलीकडचे एकही नाही,” असे तो म्हणाला. नगाला सातशे रुपयेही पडत नव्हते. पुतण्याने गल्ल्याकडे हात नेला तेव्हा मी त्याला एवढेच म्हणालो, “अरे, आधी सगळी पालथी कर.”

बँकेत असताना तारणाचा दागिना आला की पाहणारा सराफ तो आधी उलटा करीत असे. दर्शनी बाजूला झळाळी असते. डाग, जोड आणि शिक्का मागे असतात. या यंत्रांचेही तसेच आहे. विझलेला काळा पडदा सगळ्यांचा सारखाच दिसतो. मागच्या बाजूला मात्र सेन्सरचा उंचवटा, पट्टा अडकण्याची जागा आणि चार्जिंगच्या धातूच्या टिकल्या अशा तीन खुणा असतात, आणि त्या एकमेकींचा ताळा देतात. एकेक खूण एकटी फसवू शकते, तिन्ही एकत्र सहसा फसवत नाहीत.

प्रथम स्मार्टवॉच कोणते आणि फिटनेस बँड कोणता, हे ठरवावे लागते. लांबट तो बँड आणि चौकोनी किंवा गोल ते घड्याळ, ही समजूत पूर्वी चालून जात असे. आता ती सोडावी. बाजारात हजार-दीड हजाराला मिळणारी पुष्कळशी चौकोनी घड्याळे आतून बँडच असतात, फक्त पडदा मोठा आणि चौकट घड्याळाची. खरे स्मार्टवॉच म्हणजे मनगटावरचा छोटा संगणक. त्यावर बाहेरची अॅप उतरवून घेता येतात, आणि सेटिंगमध्ये ‘About’ उघडले की Wear OS किंवा watchOS अशा कार्यप्रणालीचे नाव दिसते. बँड पावले मोजतो, नाडी पाहतो आणि फोनवर आलेला निरोप दाखवतो. त्याच्यात जे कारखान्यात घातले तेवढेच त्याला येते.

चालू यंत्रात हे दोन मिनिटांत कळते, पण बंद यंत्रात काय करावे? तेथे चार्जिंगची जागा पुष्कळ सांगते. अॅपलची सर्व घड्याळे आणि सॅमसंगची अलीकडच्या काही वर्षांतील घड्याळे यांच्या पाठीवर उघडी पिन नसते. चकतीवर ठेवली की ती बिनतारी चार्ज होतात. उलट दोन चमकत्या टिकल्या आणि त्यांना चुंबकाने चिकटणारी वायर ही बँडची आणि बँडच्या आतड्याच्या चौकोनी घड्याळांची नेहमीची खूण. ही खूण शंभर टक्के नव्हे. काही खऱ्या स्मार्टवॉचनाही पिना असतात, आणि काही नकली घड्याळे आता बिनतारी चार्ज होऊ लागली आहेत. म्हणून तिला दुसरी जोड द्यावी लागते: दुकानदार आठवडाभर बॅटरी टिकते असे सांगत असेल, तर बहुतेक वेळा आत बँड असतो. मोठी कार्यप्रणाली चालवणारे घड्याळ साधारणपणे एक-दोन दिवसांत चार्जिंग मागते. कडेला दिसणारी बारीक छिद्रे म्हणजे माइक आणि स्पीकर. त्यांवरून फोनवर बोलता येते एवढेच कळते; ते स्मार्टवॉच आहे, हे त्यांवरून सिद्ध होत नाही.

या कसोटीला आमच्या सव्वीसपैकी सहा चौकोनी नग लागले. पाचांच्या पाठीवर दोन टिकल्या होत्या. चार्ज करून पाहिले तर कोणतेही अॅप उतरवण्याची सोय नव्हती. म्हणजे बँडच, पण मोठ्या चौकटीचे. सहावा नग हुबेहूब अॅपल वॉचसारखा, कडेला गोल मळसूत्री कळ, खाली नारिंगी पट्टा. पुतण्याची नजर त्याच्यावरच होती. मुलीच्या वाढदिवसाला तोच द्यावा असे त्याच्या मनात आले होते. मी तो पालथा केला. पाठीवर दोन टिकल्या चमकत होत्या. प्रश्न तेथेच मिटला, कारण अॅपलचे कोणतेही घड्याळ अशा टिकल्यांवर चार्ज होत नाही. तरी खात्रीसाठी पुतण्याच्या अँड्रॉइड फोनला ते जोडून पाहिले, आणि ते लगेच आनंदाने जोडले गेले. खरे अॅपल वॉच अँड्रॉइड फोनला जोडता येतच नाही.

खरे अॅपल वॉच हाती आले असते तरी त्याची पिढी पाठीवरूनच वाचावी लागली असती. 2015 च्या पहिल्या घड्याळापासून सिरीज 3 पर्यंत पाठीवर चार वेगवेगळ्या गोल खिडक्या दिसतात. 2018 च्या सिरीज 4 पासून त्यांच्या जागी एकच मोठे वर्तुळ आले, कारण हृदयाचे विद्युत् स्पंदन टिपणारी सोय पाठीत आणि कळीत बसवली गेली. 2020 च्या सिरीज 6 मध्ये रक्तातील ऑक्सिजन मोजण्याची सोय आली आणि वर्तुळाच्या आतील दिव्यांची मांडणी पुन्हा बदलली. पाठीच्या कडेने बारीक अक्षरे कोरलेली असतात, ती भिंगाखाली वाचावीत. शिवाय जुन्या मालकाचे खाते काढलेले आहे ना, हे त्याच्यासमोरच पाहून घ्यावे. ते राहिले तर असली माल असूनही तुमच्या हातात बंद डबीच राहते.

आता उरलेले वीस. ते सगळे शाओमीच्या मी बँडच्या घराण्यातले निघाले. या एका घराण्यातच तिन्ही खुणांचे काम नीट समजते, म्हणून त्यावर थोडा वेळ घालवतो.

उंचवटा कशासाठी असतो, ते आधी सांगतो. पाठीवरच्या खिडकीतून हिरवा प्रकाश त्वचेवर पडतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. नाडीच्या ठोक्यासरशी त्वचेखाली रक्त वाढले की परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो. शेजारचा प्रकाशग्राहक ही कमी-जास्त मोजतो आणि त्यावरून ठोके काढतो. बाहेरचा उजेड आत शिरला की मोजणी बिघडते. म्हणून खिडकी थोडी पुढे आणून त्वचेत रुतेल अशी केलेली असते. ऑक्सिजन मोजायचा तर हिरव्याबरोबर लाल आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशही लागतो. म्हणजे पाठ सपाट आणि खिडकी नाही, तर नाडी मोजण्याची सोयच नाही; खिडकी आहे पण मोजताना लाल दिवा कधीच लागत नाही, तर ऑक्सिजनची सोय नाही. उलटे मात्र खरे नाही. लाल दिवा लागतो म्हणून मोजणी खरी होते असे नाही, कारण स्वस्त मालात तो शोभेलाही ठेवलेला असतो.

नाडी खरोखर मोजली जाते की नाही, याची पारख करण्याची एक पद्धत दुकानदारांमध्ये प्रचलित आहे. यंत्र गुंडाळलेल्या रुमालावर बांधतात, आणि आकडा दिसला की नकली ठरवतात. ही कसोटी चुकीची आहे. चांगल्या कंपनीचा सेन्सरही रुमालावरून परतलेल्या प्रकाशात ठोके शोधून एखादा आकडा दाखवतो. त्यापेक्षा यंत्र हातावर बांधून एका जागी बसावे, दुसऱ्या हाताच्या बोटांनी मनगटाची नाडी तीस सेकंद मोजून दुप्पट करावी, मग दोन जिने भराभर चढून पुन्हा तसेच मोजावे. खऱ्या सेन्सरचा आकडा तुमच्या मोजणीबरोबर वर जातो. शोभेच्या सेन्सरला जिन्याची खबरच नसते.

वीस नगांपैकी चार पालथे केले आणि दलालाचे ‘सगळ्यांना सेन्सर आहेत’ हे वाक्य पडले. त्यांची पाठ साफ, गुळगुळीत, खिडकी नाही. पुढून पाहिले तर छोटा काळा पडदा आणि खाली गोल कळ, अगदी 2016 च्या मी बँड 2 सारखे. त्या बँड 2 ला नाडीचा सेन्सर आहे. पण 2017 मध्ये भारतात एचआरएक्स या नावाने त्याचीच एक स्वस्त आवृत्ती निघाली, आणि तिच्यात नाडीचा सेन्सर ठेवला नव्हता. पुढून पाहणारा माणूस दोन्हींत गोंधळतो. पाठ पाहणाऱ्याला क्षणभरही लागत नाही. ते चार नग मी बाजूला ठेवले.

राहिले सोळा. त्यांतले बरेच बॅटरी संपलेले, म्हणून पडदा रंगीत की काळा-पांढरा हे कळत नव्हते. येथे पट्टा कामाला आला. या घराण्यात यंत्र म्हणजे एक गोळीसारखी कॅप्सूल असते आणि ती रबरी पट्ट्याच्या खोबणीत दाबून बसवतात. बँड 3 आणि बँड 4 यांचा पट्टा एकच; 5 आणि 6 यांचा वेगळा, पण त्या दोघांना सारखा. तिसऱ्या-चौथ्याच्या पट्ट्यात पाचव्याची कॅप्सूल बसत नाही, आणि पाचव्याच्या पट्ट्यात चौथ्याची सैल हलते. दुकानात दोन्ही मापांचे पट्टे होतेच. दहा मिनिटांत दोन ढीग झाले: अकरा नग 3 किंवा 4, आणि पाच नग 5 किंवा 6.

पट्ट्याचे काम एवढ्यावर संपते, कारण एका जोडीतले दोघे त्याला सारखेच. तिसरा आणि चौथा वेगळे करायला चार्जिंगच्या टिकल्या पाहाव्या लागतात. 2018 च्या बँड 3 मध्ये टिकल्या कॅप्सूलच्या टोकाशी आहेत. ते टोक चार्जरच्या छोट्या खोक्यात खुपसायचे. 2019 च्या बँड 4 मध्ये त्या पाठीवर सेन्सरच्या बाजूस आल्या, पण कंपनीच्या चार्जरची खाच कॅप्सूलपुरतीच असल्याने तिला पट्ट्यातून काढावेच लागे. ताळा घ्यायचा तर पुढची काच चाचपावी. तिसऱ्याची काच उगवून वर आलेली आणि कळीच्या जागी बोट रुतेल अशी खळी असते. चौथ्याची काच जवळजवळ सपाट, कळीच्या जागी फक्त गोल रेघ. अकरांपैकी पाच निघाले तिसरे, सहा निघाले चौथे.

पाचव्या-सहाव्याचे काम उलट. 2020 च्या बँड 5 पासून टिकल्यांना चुंबकाने चिकटणारा चार्जर आला आणि कॅप्सूल काढण्याची कटकट संपली. 2021 च्या बँड 6 ला तोच चार्जर आणि तोच पट्टा. म्हणजे दोन्ही खुणा येथे मुक्या होतात, आणि पुन्हा पुढे यावे लागते. पाचव्याला पडद्याखाली गोल कळीची खूण आहे. सहाव्याला कळ नाही. पडदा दोन्ही गोलाकार टोकांपर्यंत पोहोचतो. आणि सहाव्याला ऑक्सिजन मोजण्याची सोय असल्याने मोजताना लाल दिवा लागतो. आमच्यात तीन पाचवे आणि दोन सहावे होते.

येथवर आल्यावर पुतण्याने भिंग आणले. “काका, पाठीवर काहीतरी छापलेले आहे.” छापलेले होतेच. बँड 4 च्या जगभर विकल्या गेलेल्या आवृत्तीवर XMSH07HM, बँड 5 वर XMSH10HM, बँड 6 वर XMSH15HM असा क्रमांक असतो. मग त्यानेच विचारले, की आधीच हे वाचले असते तर एवढी खटपट कशाला? त्याचे उत्तर त्याच्याच हातात होते. वापरलेल्या सोळांपैकी नऊ नगांची अक्षरे घामाने आणि घासण्याने इतकी पुसली होती की भिंगाखालीही ती जुळेनात. जी सात वाचता आली ती मात्र आमच्या विभागणीशी जुळली, आणि त्यामुळे उरलेल्या नऊंबद्दल भरवसा वाढला.

पिढी कळली तरी नग विकण्याजोगा आहे का, हा प्रश्न उरतोच. यांची बॅटरी बंदिस्त असते, सहज बदलता येत नाही. सहा चौथ्यांपैकी एकाची काच एका टोकाला नखाएवढी वर उचललेली होती. आतली बॅटरी फुगली की असे होते. असा नग चार्जला लावू नये आणि दाबून बसवण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. तो वेगळ्या धातूच्या डब्यात ठेवून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावा. पाच तिसऱ्यांपैकी दोन चार्जरमध्येही निर्जीव राहिले. त्यांच्या टिकल्यांवर हिरवट-काळा थर होता. आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने तो काढला, मऊ ब्रशने पुसले, कोरडे होऊ दिले, आणि त्यांतला एक अर्ध्या तासाने जिवंत झाला. दुसऱ्याचा थर टिकलीचा मुलामा खाऊन खाली गेला होता, तो गेलाच.

वायरींच्या गुंताड्याबद्दलही लिहिले पाहिजे, कारण त्यात धोका आहे. चुंबकाच्या दोन पिनांच्या वायरी दिसायला एकसारख्या असल्या तरी पिनांमधले अंतर निरनिराळे असते. मध्यापासून मध्यापर्यंत मोजले तर 2.84 मिलिमीटर आणि 4 मिलिमीटर ही दोन अंतरे पुष्कळ दिसतात. एकाची वायर दुसऱ्याला अर्धवट चिकटते आणि चार्ज होत नाही. मग ग्राहक घड्याळ बिघडले म्हणून परत आणतो. त्याहून वाईट म्हणजे वायर दुसऱ्या टोकाने अॅडॉप्टरला जोडलेली असताना तिचे चुंबक किल्ल्यांच्या जुडग्याला किंवा सेफ्टी पिनेला चिकटले, तर दोन पिना धातूने जोडल्या जातात आणि वायर तापून धूर निघू शकतो. म्हणून चार्जिंग झाल्यावर वायर आधी अॅडॉप्टरमधून काढावी, घड्याळ नंतर. गुंताड्यातल्या अकरा वायरींपैकी पाच आमच्या मालाच्या उपयोगाच्या होत्या.

आता हिशेब. चार एचआरएक्स आणि एक नकली अॅपल यांना पुतण्याने शून्य धरले. चालू असलेले चार तिसरे दीडशेने सहाशे. चांगले पाच चौथे चारशेने दोन हजार. तीन पाचवे सातशेने एकवीसशे. दोन सहावे बाराशेने चोवीसशे. पाच चौकोनी बँड तीनशेने पंधराशे. एकूण आठ हजार सहाशे, आणि तेही विकून झाल्यावर मिळणारे. त्यातून नवे पट्टे, चार्जर आणि दुकानाचा नफा वजा जायचा. पुतण्याने सहा हजार सांगितले. दलाल आधी रागावला, मग आम्ही लावलेल्या ढिगांकडे पाहत राहिला. ‘दोन-तीन वर्षांपलीकडचे नाही’ म्हणून आणलेल्या मालात 2017 चे चार नग निघाले, हे बहुधा त्यालाही नवीन असावे. त्यानेही माल कोणाकडून तरी पालथा न करताच उचलला होता. शेवटी साडेसहा हजारांवर ठरले.

पट्ट्यांची मागणी लिहिताना पुतण्याने विचारले, की चामड्याचे आवरण नको म्हणणाऱ्या घरांना चौकोनी घड्याळांसाठी काय सांगायचे? त्याला सांगितले, चौकोनींचा पट्टा साध्या सळईवर असतो, दोन कानांमधले अंतर मोज. पाचांपैकी चारांचे 22 मिलिमीटर निघाले, एकाचे 20. या दोन मापांचे सिलिकॉनचे आणि कापडी पट्टे कोठेही मिळतात. कॅप्सूलच्या घराण्याला मात्र त्याच्याच मापाचा पट्टा लागतो, म्हणून यादीत ‘3-4 चे नऊ, 5-6 चे पाच’ असे स्पष्ट लिहून दिले.

नकली अॅपलचे काय करायचे यावर थोडा वेळ गेला. पुतण्या म्हणाला, दलालाला परत द्यावे. मी म्हणालो, ते उद्या दुसऱ्या दुकानात खरे म्हणून जाईल. शेवटी त्याने त्याच्या पाठीवर कायम शाईने ‘नकली’ असे लिहिले आणि काउंटरच्या काचेखाली, ग्राहकांना टिकल्या दाखवण्यासाठी, पालथे ठेवून दिले.